जन्मजात कल्पना: देकार्त, लॉक आणि लायब्निझ यांची तुलना निबंधात कशी बांधावी

प्रश्न: तृतीय वर्ष बी.ए., तत्त्वज्ञान. ‘जन्मजात कल्पनांच्या प्रश्नावर बुद्धिवाद आणि अनुभववाद यांची तुलना करा’ असा १५०० शब्दांचा निबंध होता. मी आधी देकार्त लिहिला, मग लॉक, मग लायब्निझ, आणि शेवटी कांटने समन्वय केला असं लिहिलं. बाईंनी ‘ही तुलना नाही, हे तीन सारांश आहेत’ असा शेरा मारून परत दिला. चुकलं कुठे आणि बांधणी कशी करू?

उत्तर:

बाईंचा शेरा बरोबर आहे. चूक माहितीत नाही, क्रमात आहे. तुमचा निबंध माणसांच्या क्रमाने चालतो, तो प्रश्नांच्या क्रमाने चालायला हवा. माणसांच्या क्रमाने लिहिलं की प्रत्येक तत्त्वज्ञ आपापल्या परिच्छेदात येतो, आपलं म्हणणं मांडतो आणि निघून जातो. दुसऱ्याशी त्याची गाठच पडत नाही. असे निबंध तपासायला घेतो तेव्हा मी आधी एकच गोष्ट शोधतो: ‘जन्मजात म्हणजे नेमकं काय’ हा प्रश्न विद्यार्थ्याने कुठे विचारला आहे? तो पहिल्या पानावर नसेल तर पुढे तुलना होऊच शकत नाही, कारण सगळा वाद त्या एका शब्दावर उभा आहे.

देकार्तपासून सुरुवात करा, पण त्याच्या एका प्रसिद्ध वर्गीकरणावर थांबू नका. १६४१ सालच्या ‘चिंतनां’पैकी तिसऱ्या चिंतनात तो कल्पनांचे तीन प्रकार करतो. काही बाहेरून येतात, जसा कानावर पडणारा आवाज किंवा शेकोटीची ऊब. काही आपणच जुळवतो, जसे कथांमधले अर्धे पक्षी-अर्धे घोडे. आणि काही जन्मजात: सत्य म्हणजे काय, विचार म्हणजे काय, ईश्वर, अनंत. बहुतेक निबंध इथे थांबतात आणि वाचणाऱ्याचा समज असा होतो की देकार्तच्या मते तान्ह्या बाळाच्या डोक्यात ईश्वराची कल्पना तयार होऊन बसलेली असते.

देकार्तने हा अर्थ स्वतः नाकारला आहे. त्याचा एकेकाळचा अनुयायी रेजियस याने जन्मजात कल्पनांची गरजच नाही असं जाहीर केलं, तेव्हा १६४८ मध्ये देकार्तने उत्तर लिहिलं आणि त्यात आजाराचा दाखला दिला. काही घराण्यांत संधिवातासारखा आजार जन्मजात असतो असं आपण म्हणतो, पण त्याचा अर्थ ती मुलं आईच्या पोटात सांधे धरून विव्हळत असतात असा नाही. तो आजार जडण्याकडे कल असलेलं शरीर घेऊन ती जन्माला येतात, एवढाच अर्थ. आपणही ‘आमच्या घरात मधुमेह आहे’ म्हणतो तेव्हा पाळण्यातल्या बाळाची साखर वाढलेली आहे असं कोणी समजत नाही. म्हणजे देकार्तच्या मते जन्मजात असतो तो कल. कल्पना त्यातून योग्य वेळी प्रकट होते. हा १६४८ चा खुलासा निबंधात आणा, कारण लॉकचा खरा वार झेलायचा आहे तो याच अर्थाला.

लॉकचा ‘मानवी आकलनशक्तीविषयी निबंध’ १६८९ च्या अखेरीस बाहेर पडला, मुखपृष्ठावर साल १६९० होतं. त्याचा पहिला भाग पूर्णपणे जन्मजात तत्त्वं आणि कल्पना खोडण्यासाठी आहे. नाव घेऊन तो जन्मजात तत्त्वांची जी यादी तपासतो ती लॉर्ड हर्बर्ट या त्याच्या आधीच्या विचारवंताची आहे, त्यामुळे ‘लॉकने पहिल्या भागात देकार्तला उत्तर दिलं’ असं सरळ विधान करू नका. तो एका व्यापक मताला उत्तर देतो आहे आणि देकार्त त्या मताचा एक प्रतिनिधी आहे, एवढं म्हणणं सुरक्षित.

लॉकच्या युक्तिवादाचे दोन भाग आहेत. पहिला सगळ्यांना पाठ असतो. काही तत्त्वं सर्वांना मान्य आहेत म्हणून ती जन्मजात, असं म्हणणाऱ्यांना तो दोन उत्तरं देतो: सर्वमान्यता असली तरी तिची दुसरी कारणं असू शकतात, आणि मुळात ती नाहीच. ‘एकच गोष्ट एकाच वेळी असणं आणि नसणं अशक्य आहे’ हे लहान मुलांना ठाऊक नसतं, मतिमंदांना ठाऊक नसतं. विद्यार्थी इथे लॉकला जिंकवतात आणि पुढे जातात. पण कलाचा खुलासा हातात असलेला देकार्त एवढ्याने हलतही नाही. मुलाला आज ठाऊक नसलं तरी कल आहेच, असं तो म्हणेल.

म्हणून दुसरा भाग महत्त्वाचा. लॉक विचारतो: मनावर कोरलेलं आहे पण मनाला कळत नाही, याचा अर्थ काय? जाणिवेत असणं हा अर्थ असेल तर मुलांचं उदाहरण तो खोटा पाडतं. आणि ‘कळून घेण्याची क्षमता’ एवढाच अर्थ असेल, तर माणसाला जे जे कधीकाळी कळतं ते सगळंच जन्मजात ठरतं, कारण क्षमता नसती तर कळलंच नसतं. मग तीन आणि चार मिळून सात होतात हेही जन्मजात, आणि साखर गोड लागते हेही. शब्द वापरला, पण त्याने काहीच वेगळं काढलं नाही. जन्मजात मानणारा आणि न मानणारा दोघेही एकच गोष्ट बोलू लागले, कारण ज्ञानाची क्षमता उपजत असते हे लॉकलाही मान्यच आहे. हा पेच म्हणजे निबंधाचा कणा. एक तर विधान खोटं, नाही तर पोकळ. पुढे येणाऱ्या प्रत्येक बुद्धिवादी वाक्याला विचारायचं: या दोन शिंगांच्या मधून तू वाट काढलीस का?

लायब्निझने ती काढण्याचा प्रयत्न केला, म्हणून त्याची जागा लॉकच्या लगेच पुढे. त्याने १७०३ ते १७०५ च्या दरम्यान लॉकच्या ग्रंथाला भागशः उत्तर देणारा संवाद लिहिला. लॉक १७०४ मध्ये वारला आणि लायब्निझने तो छापला नाही. छापून आला १७६५ मध्ये, लायब्निझच्या मृत्यूनंतर जवळपास पन्नास वर्षांनी. म्हणजे लॉकला हे उत्तर कधी वाचायलाच मिळालं नाही. ‘लॉकने लायब्निझला काय म्हटलं असतं’ हे तुम्हाला स्वतः लिहावं लागेल, आणि निबंधात तुमची स्वतःची बुद्धी दिसण्याची जागा हीच आहे.

लायब्निझची संगमरवराची उपमा सगळे देतात, पण ती काय सिद्ध करते ते थोडेच सांगतात. संगमरवराच्या साध्या ठोकळ्यातून हर्क्युलिस घडवता येतो तसा घोडाही घडवता येतो. दगडाला कशाचंच प्रेम नाही. ही झाली निव्वळ क्षमता. पण समजा त्या दगडात आधीच अशा शिरा आहेत की छिन्नी चालवताना हर्क्युलिसचाच आकार सुटत जावा. छिन्नी मारावी लागेल, साफसफाई करावी लागेल, पण आकार ठरलेला आहे. म्हणजे लॉकने दोनच पर्याय ठेवले होते, जाणिवेत असलेलं ज्ञान आणि नुसती क्षमता. लायब्निझ मधला तिसरा मांडतो: विशिष्ट दिशेचा कल. देकार्तच्या संधिवाताच्या दाखल्यात हे होतंच, लायब्निझने त्याला धार दिली.

इथे चांगल्या विद्यार्थ्यानेही सावध व्हायला हवं. उपमा म्हणजे युक्तिवाद नव्हे. लॉक म्हणेल, शिरा आहेत हे मान्य करायला पुरावा द्या. अननसाची चव घेण्याची क्षमता माझ्यात आहे, पण अननस खाल्ल्याशिवाय ती चव काय असते हे मला कधीच कळणार नाही. अननसाचं उदाहरण लॉकचंच आहे. मग सत्य, संख्या, अनंत या कल्पनांच्या बाबतीत मनाकडे काहीतरी जास्त आहे, हे कशावरून?

लायब्निझचा पुरावा म्हणजे अनिवार्यता. तो समजायला प्लेटोच्या ‘मेनो’मधला प्रसंग घ्या, लायब्निझही त्याचा आधार घेतो. सॉक्रेटिस एका न शिकलेल्या गुलाम मुलाला दोन फूट बाजूचा चौरस दाखवतो, क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट, म्हणजे आठ क्षेत्रफळाचा चौरस हवा, तर बाजू किती? मुलगा म्हणतो, दुप्पट, म्हणजे चार. काढून पाहिलं तर क्षेत्रफळ सोळा. मग तो म्हणतो तीन, तर नऊ. दोन्ही चुकली. मग सॉक्रेटिस कर्ण काढतो, प्रश्न विचारत जातो, आणि कर्णावर उभा केलेला चौरस बरोबर दुप्पट असतो हे मुलगा स्वतः कबूल करतो. आता विचारा: डोळ्यांनी त्याला काय दिलं? जमिनीवरची एक आकृती, तीही हाताने काढलेली, रेषा जाड, कोन अंदाजाने. आणि त्याला कळलं काय? प्रत्येक चौरसाबाबत, कधीही न पाहिलेल्यांसह, हे असंच असलं पाहिजे. इंद्रियं फक्त उदाहरणं देतात, आणि हजार उदाहरणंही ‘असलंच पाहिजे’ एवढं देऊ शकत नाहीत. तेव्हा हा ‘च’ आतून येतो, असं लायब्निझचं म्हणणं. अनुभव निमित्त आहे, आधार नाही. अननसाच्या चवीत असा ‘च’ नाही. म्हणजे जन्मजात काय आणि काय नाही हे ओळखायची खूण मिळाली, आणि लॉकच्या पेचातलं ‘पोकळ’ हे शिंग चुकवता आलं.

अनेक निबंध इथे लायब्निझला विजयी ठरवतात, कारण त्यांच्या मनातला अनुभववादी ‘सगळं निरीक्षणाने सिद्ध होतं’ असं म्हणणारा असतो. लॉक तसा नाही. त्याच्या ग्रंथाचा चौथा भाग उघडला की दिसतं, गणिती ज्ञान निश्चित आहे आणि ते उदाहरणं मोजून मिळत नाही, हे त्यालाही मान्य आहे. त्याच्या मते कल्पनांचा कच्चा माल अनुभवातून येतो. पण त्या कल्पना एकदा मनात आल्या की त्यांच्यातला मेळ किंवा बेमेळ मन थेट पाहतं, किंवा पायरीपायरीने सिद्धता करून पाहतं. चौरसाची कल्पना मुलाने डोळ्यांनी कमावली, कर्णाचा संबंध बुद्धीने पाहिला. म्हणजे उगम अनुभवात, खात्री बुद्धीत. हे दोन प्रश्न वेगळे आहेत: कल्पना आली कुठून, आणि विधान खरं आहे हे कळलं कशाने. लायब्निझचा अनिवार्यतेचा युक्तिवाद दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि त्यातून पहिल्याचं उत्तर काढतो. ही उडी निबंधात पकडलीत तर तुलना झाली म्हणून समजा.

लायब्निझकडे यावरही उत्तर आहे. असणं, एकत्व, कारण, द्रव्य या कल्पना कोणत्याही इंद्रियाने मिळत नाहीत. मन स्वतःकडे पाहतं तेव्हा त्या सापडतात. बुद्धीत असं काहीच नाही जे आधी इंद्रियांत नव्हतं, या जुन्या वचनाला तो पुस्ती जोडतो: खुद्द बुद्धी सोडून. पण लॉकनेही कल्पनांचे दोन झरे मानले आहेत, संवेदन आणि अंतर्निरीक्षण, म्हणजे मनाने स्वतःच्या व्यवहारांकडे पाहणं. लायब्निझ प्रस्तावनेतच हे हेरतो आणि म्हणतो की अंतर्निरीक्षण मान्य असेल तर हा लेखक माझ्या मतापासून फार दूर नसावा. मला हे वाक्य या सगळ्या वादातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण दोन छावण्यांचं सोपं चित्र इथे मोडतं.

मग उरतं काय? उरतो तो न जाणवणाऱ्या मनाचा प्रश्न. लॉकला मनात असणं म्हणजे जाणवणंच वाटतं. लायब्निझच्या मते मनात असंख्य सूक्ष्म प्रतीती असतात ज्या आपल्या ध्यानात येत नाहीत. समुद्राची गाज ऐकताना एकेक लाटेचा आवाज वेगळा कळत नाही, पण तो ऐकू येत नसता तर गाजही ऐकू आली नसती. तत्त्वांचंही तसंच. लॉक म्हणतो, मुलाला गोड म्हणजे कडू नव्हे हे कळतं, पण विसंगतीचं सर्वसाधारण तत्त्व कळत नाही, मग ते आधी असेल कसं? लायब्निझ म्हणतो, ते तत्त्व तो उच्चारत नसला तरी वापरतो, जसे आपण स्नायूंचा विचार न करता चालतो. अगदी अशिक्षित माणूसही, मामला गंभीर असेल तर, स्वतःचंच बोलणं फिरवणाऱ्या खोटारड्यावर चिडतो. तत्त्वाचं नाव त्याने ऐकलेलं नाही, पण चीड नेमकी त्या तत्त्वाच्या भंगाची आहे.

आतापर्यंत बोललो ते मुख्यतः तत्त्वांबद्दल, म्हणजे विधानांबद्दल. प्रश्नपत्रिकेत शब्द ‘कल्पना’ आहे, म्हणून एक कल्पना समोरासमोर ठेवून दाखवा. अनंत ही सर्वांत सोयीची, कारण तिच्यावर देकार्त आणि लॉक दोघांनीही थेट लिहिलं आहे. तो परिच्छेद साधारण असा असावा:

“देकार्तच्या मते अनंताची कल्पना सांताला ‘नाही’ म्हणून तयार होत नाही. मी शंका घेतो, मला काही कमी आहे, हे मला कळतं ते पूर्णाशी स्वतःला ताडून पाहिल्यामुळे; म्हणजे अनंत आधी, सांत नंतर. लॉक उलट वाटेने जातो. एक फूट घ्या, त्याला एक फूट जोडा, पुन्हा जोडा. थांबायचं कारण कुठेच सापडत नाही. या न थांबण्याच्या जाणिवेलाच आपण अनंत म्हणतो, त्याहून भरीव अशी अनंताची कल्पना आपल्यापाशी नाही. म्हणजे दोघांचा वाद कल्पनेच्या उगमाआधी तिच्या आशयावर आहे: देकार्तला ती भरीव वाटते, लॉकला ती केवळ न संपणारी क्रिया वाटते. लॉकचं वर्णन अंतर आणि संख्या यांना चपखल बसतं. पण बेरीज कधीच संपणार नाही, हे मोजण्याआधी कसं कळतं, हा प्रश्न त्याच्या फूटपट्टीने सुटत नाही.”

बघा, या परिच्छेदात दोघे एकाच वस्तूबद्दल बोलतात, मतभेद कुठे आहे ते नेमकं सांगितलं आहे, आणि शेवटी लिहिणाऱ्याचा निर्णय आहे. प्रत्येक परिच्छेदात हे घडलं पाहिजे. तपासायची साधी युक्ती: परिच्छेदातल्या एका तत्त्वज्ञाचं नाव बोटाने झाका. उरलेला मजकूर तसाच अर्थपूर्ण राहत असेल तर ती तुलना नव्हती.

१५०० शब्दांची वाटणी मी अशी करेन. पहिले १५० शब्द ‘जन्मजात’ शब्दाचे तीन अर्थ आणि तुमचं म्हणणं एका वाक्यात. मग ३०० शब्दांत देकार्त आणि लॉकचा पेच एकत्र, ४०० शब्दांत लायब्निझची वाट आणि लॉकचं संभाव्य उत्तर, ३०० शब्दांत अनंताचं उदाहरण, आणि उरलेले ३५० सूक्ष्म प्रतीती व तुमचा निष्कर्ष यांसाठी. ह्यूमला एक-दोन वाक्यं पुरेत. १७४८ च्या ग्रंथात तो एका तळटीपेत म्हणतो की, जन्मजात म्हणजे कशाचीही नक्कल नसलेलं, असा अर्थ घेतला तर ठसे, म्हणजे थेट संवेदना आणि भावना, जन्मजात आहेत आणि त्यांच्या नकला असलेल्या कल्पना नाहीत. लॉकने शब्द मोघम ठेवला, ही त्याची तक्रार तुमच्या पहिल्या परिच्छेदाला बळ देते, तिथेच ती वापरा.

आपल्याकडचे विद्यार्थी या विषयात पूर्वजन्माचे संस्कार आणतात. आणायला हरकत नाही, पण बुद्धिवादाच्या बाजूला ठेवू नका. न्यायसूत्रांत युक्तिवाद असा आहे की नवजात बाळाला दुधाची ओढ असते, ओढ पूर्वीच्या सवयीतून येते, म्हणून आत्म्याला पूर्वजन्म असला पाहिजे. इथे जन्मतः असलेली गोष्ट आधीच्या अनुभवानेच समजावली आहे, म्हणजे ही अनुभववादाच्या जवळची चाल आहे. ‘जन्मतः असणं’ आणि ‘अनुभवातून न येणं’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे दाखवायला हे उदाहरण फार उपयोगी पडतं. प्लेटोच्या स्मरणवादावर लायब्निझनेही हीच हरकत घेतली: आधीची अवस्था कितीही मागे नेली तरी तिथे पुन्हा काही जन्मजात ज्ञान मानावंच लागेल.

कांट काढून टाका. त्याला एका परिच्छेदात बसवलं की तो ‘थोडं याचं, थोडं त्याचं’ म्हणणारा होतो, आणि या विषयात तर ते चुकीचंच आहे. १७९० मध्ये एबरहार्ट या लायब्निझवादी टीकाकाराला दिलेल्या उत्तरात कांटने स्पष्ट म्हटलं आहे की, आपण कोणतीही जन्मजात प्रतिमा मानत नाही, सगळ्या कमावलेल्याच असतात. अवकाश, काल आणि कोटी, म्हणजे कारण किंवा द्रव्य यांसारख्या बुद्धीच्या मूलभूत संकल्पना, यांचं कमावणं मात्र मूळचं आहे, ते वस्तूंकडून उसनं घेतलेलं नाही, आणि जन्मजात असतो तो फक्त त्यामागचा आधार. ही भूमिका नीट मांडायला वेगळा निबंध लागेल. तुमच्या निष्कर्षाची जागा लॉक आणि लायब्निझ यांच्यामध्येच आहे. मन न जाणवताही काही बाळगू शकतं असं तुम्हाला पटत असेल तर खोटारड्यावर चिडणाऱ्या माणसाचं उदाहरण घेऊन लायब्निझची बाजू घ्या. ती चीड तत्त्वाशिवायही, नुसत्या पुन्हापुन्हा फसल्याच्या आठवणीने समजावता येते असं वाटत असेल तर लॉकची घ्या, आणि मग गुलाम मुलाच्या कर्णाचं काय करायचं ते शेवटच्या परिच्छेदात सांगा.